च आणि ही चिकटतात, तर मोकळा राहतो: असं का?

‘गंगा ही नदी आहे’ आणि ‘गंगाही नदी आहे’. दोन्ही वाक्यांत अक्षरं तीच, क्रम तोच. फरक फक्त एका मोकळ्या जागेचा. पहिलं वाक्य गंगेची ओळख करून देतं. दुसऱ्याच्या आधी कुणीतरी गोदावरीचं किंवा नर्मदेचं नाव घेतलेलं असतं आणि त्या यादीत गंगेची भर पडते. पहिल्या वाक्यातला ‘ही’ म्हणजे हा-ही-हे मधलं दर्शक सर्वनाम. दुसऱ्यातला ‘ही’ म्हणजे ‘सुद्धा’. बोलताना आपण पहिल्या वाक्यात ‘गंगा’नंतर किंचित थांबतो आणि दुसऱ्यात थांबत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. लिहिताना ते थांबणं दाखवायला त्या जागेशिवाय दुसरं साधन नाही.

च, ही आणि तर ही मराठीतली जोर देणारी अव्ययं. ती आधीच्या शब्दाला जोडून लिहायची की तोडून, हा प्रश्न बहुतेक वेळा शुद्धलेखनाचा म्हणून विचारला जातो आणि ‘च आणि ही जोडा, तर तोडा’ असं उत्तर देऊन संपवला जातो. उत्तर बरोबरच आहे. पण त्यामागे भाषेची एक गंमतशीर व्यवस्था आहे. ती कळली की नियम पाठ करावा लागत नाही.

आधी ही अव्ययं करतात काय ते पाहू. एक साधं वाक्य घेऊ: ‘आजीने सुमाला दोन लाडू दिले.’ यात च कुठेही बसतो. ‘आजीनेच सुमाला दोन लाडू दिले’ म्हणजे दिले ते आजीने, आईने किंवा काकूने नाही. ‘सुमालाच’ म्हटलं की बाकीची नातवंडं हात चोळत बसली. ‘दोनच’ म्हटलं की तक्रार आकड्याची आहे. ‘लाडूच दिले’ म्हणजे करंजी किंवा चिवडा दिला नाही. आणि ‘दिलेच’ म्हटलं की नको नको म्हणत असतानाही दिले, किंवा देणार नाही असं वाटत असताना शेवटी दिले. प्रत्येक ठिकाणी च आपल्या आधीच्या तुकड्याभोवती कुंपण घालतो: हे आणि एवढंच, बाकीचं बाहेर.

आता त्याच जागी ही घालून पाहा. ‘आजीनेही दिले’ म्हणजे आधी दुसऱ्या कुणी दिले होते. ‘सुमालाही’ म्हणजे आणखी कुणाला मिळाले होते. ‘लाडूही’ म्हणजे सोबत दुसरं काही होतं. च जे कुंपण घालतो ते ही उघडतो आणि आणखी एकाला आत घेतो. म्हणून ‘एकच आला’ आणि ‘एकही आला नाही’ ही वाक्यं इतकी वेगळी. पहिल्यात एकावर थांबलो, दुसऱ्यात एकाचीसुद्धा भर पडली नाही.

तरचं काम निराळं. ‘लाडू तर दिले’ म्हणताना बोलणारा लाडवांचा विषय बाजूला काढून ठेवतो: त्याबद्दल वाद नको, चिवड्याचं काय ते बोला. ‘सुमाला तर दिले’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मग राजूला? तर नेहमी असं काहीतरी न बोललेलं मागे सोडतो. आणि हाच तर वाक्याच्या शेवटी, क्रियापदानंतर नेऊन ठेवला की अर्थच पालटतो. ‘आजीने सुमाला दोन लाडू दिले तर’ हे वाक्य अर्धं राहतं. आता तो जोर देत नाही, अट घालतो. त्याला जोर द्यायलाच लावायचं तर मागे आणखी काही हवं: ‘दिले तर आहेत, पण तिने खाल्ले कुठे?’

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. च आणि ही आधीच्या शब्दाला चिकटतात हे खरं, पण कसे चिकटतात? ‘ला’, ‘ने’, ‘त’ हे विभक्तिप्रत्ययही चिकटतातच. मग ‘घोड्याला’मधला ला आणि ‘घोडाच’मधला च यांत फरक काय?

उत्तर त्या दोन शब्दांतच दिसतं. ला लागताना ‘घोडा’चा ‘घोड्या’ झाला. च लागला तरी ‘घोडा’ घोडाच राहिला. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या रूपात जो बदल होतो त्याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणायला शिकलो. च आणि ही सामान्यरूप मागत नाहीत. शालेय व्याकरणात याच कारणाने त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. नाव जरा भारदस्त आहे, पण खूण पक्की आहे.

लेखनातली एक नेहमीची चूक या खुणेने सुटते. ‘दूध’ या शब्दात दू दीर्घ. ‘दुधाला’, ‘दुधात’ लिहिताना तो ऱ्हस्व होतो, कारण तिथे सामान्यरूप झालं. मग ‘दूधच’ की ‘दुधच’? सामान्यरूप झालेलंच नाही, म्हणून ‘दूधच’ आणि ‘दूधही’. तसंच ‘मूलच’, पण ‘मुलालाच’. ‘गूळही’, पण ‘गुळाचाही’. ‘मीठच’, पण ‘मिठानेच’. ‘तुपही संपलं’ असं लिहिलेलं मला वरचेवर दिसतं. लिहिणाऱ्याच्या हाताला ‘तुपात’, ‘तुपाला’ची सवय झालेली असते आणि ही दिसताच तो तूला ऱ्हस्व करून मोकळा होतो. सर्वनामांचंही असंच. ती अधिक च म्हणजे ‘तीच’, दीर्घ. ‘तिला’, ‘तिने’ ऱ्हस्व आहेत म्हणून च लागताना ती आखूड होत नाही.

दुसरा फरक जागेचा. विभक्तिप्रत्यय शब्दाला आधी लागतो, च त्याच्यानंतर. ‘सुमालाच’ म्हणता येतं, ‘सुमाचला’ कुणी म्हणत नाही. ‘घरातच’ होतं, ‘घराचत’ होत नाही. म्हणजे प्रत्यय लागून शब्द पुरता तयार झाला की मग च येऊन टेकतो. हिंदीत ‘राम ने ही’ आणि ‘राम ही ने’ दोन्ही चालतं. मराठीत मात्र नामाच्या आणि ने-ला-त यांच्या मध्ये शिरायला च ला वाव नाही.

पण एका जागी तो शिरतो. ‘तुझ्यामुळेच उशीर झाला’ हे जितकं सहज तितकंच ‘तुझ्याचमुळे उशीर झाला’ हेही कानाला ओळखीचं आहे. ‘माझ्याकडेच बघतोय’ आणि ‘माझ्याचकडे बघतोय’ दोन्ही आपण ऐकतो. मुळे, कडे, साठी ही शब्दयोगी अव्ययं जोडून लिहिली जातात, त्यामुळे डोळ्यांना ‘तुझ्यामुळे’ हा एकच सलग शब्द दिसतो. च ला मात्र त्यातला सांधा दिसतो आणि तो तिथे शिरतो. ‘घरात’च्या आत असा सैल सांधा नाही, म्हणून तिथे त्याला प्रवेश नाही. मराठी शब्दात कुठला जोड घट्ट आणि कुठला सैल हे पाहायचं असेल तर च लावून बघावा. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

तिसरा फरक हा की प्रत्ययाला ठरावीक जातीचे शब्द लागतात, च ला कुणीही चालतो. ‘ने’ नामाला किंवा सर्वनामाला लागतो. च नामाला लागतो (लाडूच), विशेषणाला (चांगलाच), क्रियाविशेषणाला (हळूच), क्रियापदाला (येईनच), नकाराला (नाहीच), आणि क्रियापदाचे दोन तुकडे असतील तर त्यांच्या मधेही: ‘जाऊच शकत नाही’, ‘बोलतच राहिला’. तो व्याकरणात शब्दाचा भाग झालेला नसतो, उच्चारात मात्र त्याच्यावर रेलून असतो. भाषाशास्त्रात अशांची वेगळी जात मानतात: ना धड प्रत्यय, ना धड शब्द. स्वतःचा अर्थ आहे, स्वतःची जागा निवडतात, पण एकट्याने उभे राहत नाहीत. ‘कोण येणार?’ या प्रश्नाला ‘मीच’ हे उत्तर होतं, नुसतं ‘च’ हे कधीच नाही.

रेलतो म्हणजे नेमकं काय, हे ऐकायलाही येतं. ‘राम’ म्हणताना आपण शेवटचा अ उच्चारत नाही, ‘राम्’ म्हणून थांबतो. ‘राम तर आला’मध्येही राम् तसाच राहतो. पण ‘रामच आला’ म्हणून पाहा: ‘रा-मच्’. मघाशी गिळलेला अ परत आला, कारण म आणि च आता एकाच अक्षरगटात आले. हाच फरक ‘घरचा’ आणि ‘घरच’ यांत आहे. ‘घरचा डबा’ म्हणताना ‘घर्-चा’, आणि ‘घरच विकलं’ म्हणताना ‘घ-रच्’. एकीकडे षष्ठीचा चा, दुसरीकडे जोराचा च. लिहिताना दिसतात सारखे, बोलताना अक्षरं वेगळी फुटतात.

ही सारखेपणाची गोष्ट इथेच थोडी पुढे नेतो, कारण मोबाइलवरच्या मराठीत रोजचा गोंधळ याच जागी होतो. ‘त्याचं नाव काय?’ असं लिहायचं असताना अनुस्वार गाळून ‘त्याच नाव काय?’ लिहिलं जातं. अनुस्वार गेला आणि षष्ठीच्या चं चा जोराचा च झाला. ‘त्याच गावात’ म्हणजे त्याच, पूर्वी सांगितलेल्या गावात. ‘त्याचं गाव’ म्हणजे त्याच्या मालकीचं किंवा त्याचं मूळ गाव. ‘घरच जेवण’ वाचणाऱ्याला क्षणभर ‘घ-रच्’ असं वाचावं लागतं आणि मग मागे जाऊन दुरुस्ती करावी लागते. दोन्ही एकत्र आले तर? तेही होतं: ‘हे पुस्तक तिचंच आहे.’ इथे चं मालकी सांगतो आणि पुढचा च बाकीच्यांना बाहेर ठेवतो. हे वाक्य अनुस्वाराशिवाय लिहिलं तर ‘तिचच’ असं काहीतरी होऊन बसतं आणि कोणता च कशाचा ते शोधत बसावं लागतं.

च ची जागा बदलली की अर्थ किती बदलतो याचं माझ्या आवडीचं उदाहरण असं: ‘त्याच मुलाने दगड मारला’ आणि ‘त्या मुलानेच दगड मारला’. पहिल्यात काल ज्याला आपण पाहिलं तोच हा मुलगा, म्हणजे ओळख पटवणं चाललं आहे. दुसऱ्यात दगड मारणारा दुसरा कुणी नसून तो, म्हणजे आरोप निश्चित करणं चाललं आहे. पोलीस चौकीत हे दोन जबाब वेगळ्या कामाचे ठरतील.

हा च मराठीत फार जुना आहे. संतवाङ्मयात तो ‘चि’ या रूपात भेटतो: तोचि, तूंचि, अवघाचि. त्याहीमागे गेलं तर बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं जे व्याकरण लिहिलं त्यात ‘निश्चय’ सांगणाऱ्या अव्ययांमध्ये चेअ, चिअ आणि च्च दिलेले आहेत. यातला ‘च्च’ मला विशेष बोलका वाटतो. प्राकृतात शब्दाची सुरुवात जोड-व्यंजनाने होत नाही. ‘च्च’ उच्चारायचा तर आधी एखादा स्वर हवाच, म्हणजे आधीचा शब्द हवाच. आज च एकटा उभा राहू शकत नाही, तो तेव्हाही राहू शकत नव्हता.

तो शेजारच्यांकडेही गेला. हैदराबादकडच्या दखनीत ‘मैंच’ ऐकायला मिळतं, मुंबईच्या हिंदीत ‘ऐसाइच’. हा च मराठीतून गेलेला, आणि तिथेही तो आधीच्या शब्दाला चिकटूनच येतो. सवय काही त्याने सोडली नाही. गुजरातीत त्याच कामाचा ‘ज’ आहे. ‘हुं ज’ म्हणजे मीच. बोलताना तोही आधीच्या शब्दावर रेलतो, पण गुजरातीत तो तोडून लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे चिकटणं हे भाषेचं आणि जोडून लिहिणं हे लिपीच्या रूढीचं. दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही. मराठीत जुळले, हे आपलं नशीब.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर एक सापळा सांगायला हवा. हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला च, आणि आपला ‘ही’ म्हणजे हिंदीतला ‘भी’. ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे मीच जाईन, आणि ‘मीही जाईन’ म्हणजे मैं भी जाऊँगा. हिंदीत ही, भी, तो तोडून लिहितात (वही, उसी, हमीं अशी मुरलेली रूपं सोडून). दोन्ही भाषा रोज वाचणाऱ्याचा हात म्हणूनच ‘मी ही येतो’ असं लिहून जातो. मराठी वाचक त्यातून अर्थ काढतो खरा, पण ‘ती ही आली’सारख्या वाक्यात अडखळतो. ती, ही जिच्याबद्दल बोलत होतो, ती आली? की तीसुद्धा आली? दुसरं म्हणायचं असेल तर ‘तीही’.

ही किती चिकट आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा आकड्यांत आहे. दोन अधिक ही झालं ‘दोन्ही’. तीन अधिक ही झालं ‘तिन्ही’. इथे तो नुसता टेकला नाही, आत मुरला. ‘तिन्ही’मध्ये ती ऱ्हस्व झाली, म्हणजे एरवी ही जे करत नाही ते त्याने इथे केलं. पुढे मात्र ‘पाचही’, ‘आठही’ अशी साधी जोडणी. ‘दोन्ही’ इतका एकजीव झाला आहे की त्यात ही आहे याचा बोलणाऱ्यांना विसर पडला आणि ते बिनदिक्कत ‘दोन्हीही’ म्हणतात. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. मला त्यात काही वाईट दिसत नाही. जुना ही शब्दाचा भाग होऊन गेला, जोरासाठी नवा हवा होता, तो लावला.

आता तर का मोकळा? एक कारण वर येऊन गेलं: ‘राम तर’ म्हणताना राम् मधला अ परत येत नाही. तर स्वतःच्या अक्षरावर उभा आहे. दुसरं, तो वाक्याच्या सुरुवातीलाही येऊ शकतो: ‘तर मंडळी, ऐका.’ च आणि जोराचा ही असे कधी पुढे येत नाहीत. तिसरं कारण मला सगळ्यात पटणारं वाटतं. तरला स्वतःला च लागतो: ‘तू आलास तरच मी येईन.’ च ला टेकायला पुरा शब्द लागतो आणि तर तेवढा भक्कम आहे. उलट ‘मीहीच’ किंवा ‘मीचही’ असं कुणी म्हणत नाही. ‘हीच’ असा शब्द आहे, पण तो दर्शक ही ला लागलेला च: हीच ती मुलगी. क्रम उलटला तरी हेच दिसतं. ‘गेलोच तर फोन करीन’ यात च क्रियापदाला टेकला आहे आणि तर त्याच्या शेजारी स्वतंत्र उभा आहे.

च-ही आणि तर यांच्या मधल्या पट्ट्यात आणखी काही मंडळी आहेत. सुद्धा आणि देखील जोडून लिहायचे असं व्याकरण सांगतं, ‘मीसुद्धा’, ‘तोदेखील’, पण बोलताना ते च इतके रेलत नाहीत, म्हणून तोडून लिहिलेले सर्रास दिसतात. तोडल्याने अर्थ बिघडत नाही, त्यामुळे त्यावरून कुणाला झापण्यात मला रस नाही. मात्र ‘तो मात्र आला नाही’ असा सुटाच बरा. पणचं मात्र बघून लिहावं. ‘सुद्धा’ या अर्थाचा पण जोडून: ‘तूपण ये.’ ‘परंतु’ या अर्थाचा तोडून: ‘तू ये, पण लवकर ये.’ आणि ‘मीपण’ लिहिताना थोडं जपून, कारण अहंकाराला मराठीत ‘मीपण’च म्हणतात. ‘मीपण गेलं’ आणि ‘मीपण गेलो’ यांत एका क्रियापदाच्या शेवटाचा फरक आहे.

राहता राहिले छापण्याचे किरकोळ प्रश्न. आकड्यानंतर च आला तर जागा सोडायची नाही: ‘५०च रुपये’, ‘१०ही जण जमले नाहीत’. अवतरणचिन्हातल्या शब्दाला जोडायचा तर चिन्ह बंद करून लगेच: तो ‘हो’च म्हणाला. च चिन्हाच्या आत घेतला तर तो ‘होच’ असं म्हणाला, असा अर्थ होईल. आणि ओळ संपत आली, च साठी जागा उरली नाही, तर आधीचा सगळा शब्द खालच्या ओळीवर न्यावा. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा च आला तर वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी छापायचं राहिलं.